आतली पट्टी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत, तिला सगळे पट्टीवाली ताई म्हणत. कारण एकच. हत्यारांच्या डब्यावर बाहेरून चिकटपट्टी असते, ती वाफेच्या यंत्रातून गेल्यावर काळी पडते. घाईच्या दिवशी वरच्या मजल्यावरून फोन येई, "ताई, पट्टी काळी झालीय ना, पाठवा की." ती पाठवत नसे. बाहेरची पट्टी डबा यंत्रातून जाऊन आला एवढंच सांगते. वाफ आतपर्यंत पोचली का, ते त्याच खेपेत ठेवलेल्या चाचणीच्या डब्यातली आतली पट्टी सांगते. एकोणीस वर्षांत ती पट्टी बघितल्याशिवाय तिनं वहीत एकदाही सही केली नव्हती.

अशा बाईनं राजीनामा मात्र बाहेरची पट्टी बघून दिला.

नव्या मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुखाची जागा निघाली होती. मुलाखत झाली, भरती विभागाच्या मॅडम हसून म्हणाल्या, तुमचंच नाव आहे, पत्र आठवडाभरात येईल. तिनं घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि दुसऱ्याच दिवशी महिन्याची नोटीस दिली. यजमानांचा कारखाना बंद होऊन आठ महिने झाले होते, ते म्हणाले, देवानं ऐकलं. पत्र आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, की मुख्य कार्यालयानं सगळी नवी भरती थांबवली आहे आणि जागा तूर्तास थांबलेली आहे. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. घाबरलेलं माणूस विचारायचं तेच विसरतं.

घरी ती बोलली नाही. भाजी चिरताना बोट कापलं, तेव्हा यजमानांनी लक्ष कुठंय असं विचारलं, तर सुरी नवी आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना नम्रपणे ईमेल लिहिला. उत्तर नाही. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस. बुधवार उजाडला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या गाठोड्यांमागे उभं राहून तिनं फोन लावला. सारखं विचारलं तर चिकट बाई म्हणून नावच कापतील, ही भीती वेगळीच.

या वेळी तिनं "कधी?" असं विचारलं नाही. जागा रद्द झालीय की थांबलीय, ती कुणी सोडून गेल्यानं रिकामी झालीय की नवी आहे, आणि त्या जागेला वरून मंजुरी होती का, एवढं विचारलं. मॅडमनी मग खरं सांगितलं. जागा नवी होती, मंजुरी अजून यायचीच होती, म्हणून पत्र निघूच शकत नव्हतं. रद्द नाही, पण पुढच्या तिमाहीच्या आढाव्यापर्यंत कुणीच तारीख देऊ शकत नाही. महिन्यानं एकदा विचारा, मला राग येणार नाही, असंही म्हणाल्या.

मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुम्ही राजीनामा तर नाही ना दिलात?"

दिलाय, परवा शुक्रवारी शेवटचा दिवस, असं तिनं सांगितलं.

"आजच्या आज मागे घ्या. आमच्या शब्दावर बसू नका."

ती तडक तिच्या वरिष्ठांकडे, मेट्रनकडे गेली; खोलीचं दार उघडंच होतं. मेट्रन चष्म्यावरून बघत म्हणाल्या की राजीनामा सोमवारीच वर गेला आणि उद्या जागेची जाहिरात निघणार. बाईसाहेब मोठ्या रुग्णालयात निघाल्या होत्या, आता आमची आठवण झाली का, असा टोमणाही मारला. तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं. मेट्रन कडक, पण दगड नव्हत्या. अर्ज लिहून घेतला आणि म्हणाल्या, "जा कामाला. मी बोलते वर."

ती जागची हलली नाही.

"मेट्रन, अर्ज मिळाल्याची सही द्या. आणि वरून होकार आला तर तोही लेखी."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. पण मी एकदा तोंडी होकारावर बसून बघितलंय."

मेट्रननी तारखेसकट सही केली. "आता माझीही पट्टी तपासणार तू."

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपार झाली तरी वरून काही नाही. यंत्राची शिटी वाजली की ती दचके. तीन वाजता तिनं डबे मोजले, परत मोजले. मनात नामस्मरण चालू होतं, पण आकडा चुकत होता. जाहिरात निघाली असेल, आपलं ओळखपत्र पाचला काढून घेतील, घरी काय सांगायचं, असा विचार हटेना.

साडेचारला मेट्रन स्वतः खाली आल्या आणि कागद डब्यांवर ठेवला. राजीनामा मागे घेण्यास मंजुरी, खाली शिक्का. जाहिरात थांबवली होती.

तिनं कागद दोनदा वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि मगच खाली बसली.

घरी तिनं यजमानांपुढे कागद ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. ते उठून पाण्याचा पेला घेऊन आले, आणि म्हणाले, "मला आधी सांगायचंस." तिनं दिनदर्शिका काढली आणि महिन्यानंतरच्या तारखेवर पेन्सिलनं बारीक लिहिलं, 'मॅडमना विचारणे'.