रेघ पुन्हा चढली तेव्हा

बँकेत माझ्या टेबलाची फार थट्टा व्हायची. गोंदियाच्या आमच्या सहकारी बँकेत सरकारी रोख्यांचं काम माझ्याकडे होतं. दर शनिवारी मी आदल्या दिवशीचं आर्थिक वर्तमानपत्र उघडून आलेखाच्या कागदावर रेघ काढायचो: तीन महिन्यांच्या रोख्यावर किती परतावा, दोन वर्षांच्या किती, दहाच्या किती. आपली झाली की अमेरिकेची. शिपाई विचारायचा, "साहेब, अमेरिकेत आपली ब्रांच कधी खुलून रायली?"

अमेरिकेची रेघ धाकट्या भावासाठी होती. तो देवरीकडे मास्तर, पक्की नोकरी. पण त्याला झाडावरची लाख शुद्ध करून परदेशी पाठवायचा कारखाना काढायचा होता, आणि गिऱ्हाईक अमेरिकेतलं.

२००६ मध्ये ती रेघ उलटली. पैसा जास्त वर्षं अडकवणाऱ्याला जास्त व्याज, ही साधी रीत. म्हणून रेघ चढती असते. इथे दोन वर्षांचा दर दहा वर्षांच्या वर गेला. महागाईला लगाम घालायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने जवळच्या मुदतीचे दर चढवले होते. लांबच्या मुदतीत पैसा घालणारे मात्र धरून चालले होते, की पुढे धंदा मंदावेल आणि दर खाली आणावे लागतील; म्हणून ते आजच कमी व्याजावर पैसा अडकवत होते. खात्री नसते, पण मंदीआधी असं अनेकदा घडलेलं. मी भावाला म्हटलं, "थांब."

तो थांबला. वर्ष गेलं, मंदीचा पत्ता नाही. "दादा, काऊन थांबवून रायला तू मले? पोट्टे शिकवून शिकवून म्हातारा होईन मी."

मग २००७ च्या मध्यावर रेघ पुन्हा चढती झाली. मला हायसं वाटलं. त्या कागदावर मी लिहिलं, 'आता हरकत नाही', आणि खाली सही ठोकली. त्याने राजीनामा दिला. तो कागद चौकटीत घालून कारखान्यात लावला.

वर्ष-दीड वर्षात अमेरिकेची मागणी आटली. लाखेची पोती पडून राहिली, कारखान्याला कुलूप लागलं. त्या दिवशी मी बँकेतलं जुनं कपाट उघडलं. मागच्या मंदीच्या वेळचे माझेच कागद त्यात होते. तेव्हाही रेघ आधी उलटली होती, मग चढली होती, आणि मंदी त्यानंतर आली होती. धंदा खचू लागला की जवळचे दर घाईघाईने उतरतात, म्हणून ती चढते. मी धोका टळला समजलो. धोका तर दारात उभा होता. शहाणा मी! एक कपाट उघडायचं होतं फक्त.

भावाने चौकट काढून माझ्या हातात दिली. "तुझं बरोबरच होतं, दादा. बाजारच बेइमान निघाला."

बाजार नव्हे, मीच चुकलो, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी चौकट तेवढी पिशवीत घातली.

आता तो रायपूरला दुसऱ्याच्या लाखेच्या गोदामात पोती मोजून घेतो. दिवाळीला येतो, चहा पिता पिता विचारतो, "दादा, रेघ कशी हाये आता?"

मी रेघ काढणं कधीच सोडलंय. "चांगली आहे," म्हणतो. आणि तो अजूनही विश्वास ठेवतो.