टोपाखालची कोरी जागा

हवालदार केरबा आमच्या कार्यालयात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी पहिली शंका माझ्यावरच घेतली. टेबलाच्या खणाला स्वतःचं कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि मला विचारलं, "टायपिस्टसाहेब, याची दुसरी चावी कुणाकडं हाय?"

"कुलूप तुमचं, मला काय माहीत?" मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, पण चेहरा काही ठीक दिसला नाही.

लातूर जिल्हा होऊन आठ-नऊ महिने झाले होते. माजी सैनिकांचं कार्यालय भाड्याच्या दोन खोल्यांत होतं आणि उस्मानाबादहून ट्रकमध्ये भरून आलेल्या फाइली अजून पोत्यांतच होत्या. केरबा मूळचे मुखेडचे. सैन्याच्या वैद्यकीय दलात पंचवीस वर्षं जखमा धुतलेला माणूस. माजी सैनिकांच्या अर्जांची चौकशी करणं हे त्यांचं काम होतं. आधीच्या कार्यालयात एकदा एका लबाडाच्या रडण्याला भुलून त्यांनी खोटा दाखला मंजूर करायला लावला होता. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. कोंडाबाई शिपाईण चहा आणायची, तर आधी कपाचा वास घेत. ती चिडून म्हणायची, "इख न्हाई घातलं त्यात. घालायचं असतं तर कवाच घातलं असतं."

मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची.

मे महिन्यात अहमदपूरकडच्या एका खेड्यातून व्यंकटी आला, सोबत सतरा वर्षांची मुलगी भामा. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं होतं आणि युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मुलांसाठी एक जागा राखीव होती. अर्ज पोचवायला आठवडा उरला होता. हवा होता फक्त आमचा दाखला. व्यंकटी एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या आघाडीवर पायदळात होता. डावा गाल, कान, मान आणि खांदे निळसर वणांनी भरलेले, डावा हात वर जात नव्हता.

त्याची फाइल पोत्यातून निघाली खरी, पण जखमेचं पान त्यात नव्हतं. उलट एक निनावी अर्ज मात्र नीट टाचलेला होता. 'सदर इसम लढाईत नव्हे तर बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा सुरुंग उडताना जखमी झाला आहे.' पलटणीच्या दप्तरातून नक्कल यायला तीन महिने लागले असते.

केरबांनी तो अर्ज दोनदा वाचला. "तू घरी कवा आलास?"

"बहात्तरच्या उन्हाळ्यात, साहेब. दवाखान्यातून सरळ. पट्ट्या व्हत्या अजून."

"आन् त्याच उन्हाळ्यात गावात सुरुंग?"

"रोजच. पाण्यापायी सगळा गाव इहिरी खंदून ऱ्हायला व्हता. मीबी दगड उचलाया गेलतो."

स्वतःच्या तोंडानं गेलो म्हणाला! मी कपाळाला हात लावला. भामाने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्याही मनात शंका आली असावी, आणि तेच मला फार लागलं.

केरबांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन क्ष-किरण फोटो काढून आणला. खांद्यात आणि मानेत पांढरे ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे. "लोखंड हाय," ते म्हणाले.

"मग झालं तर!" मी म्हणालो.

"काय झालं? सुरुंगाच्या भोकातली पहार फुटली तरी लोखंडच उडतंय." ते बराच वेळ व्यंकटीच्या डोक्याकडे पाहत राहिले. केस दाट होते. "न्हाव्याकडं चल. डोई भादरायची."

व्यंकटी ताडकन उभा राहिला. "बाप माझा कवाच गेला, साहेब. आता कोन मेलं म्हून डोई करू?"

"पोरगी शिकायची हाय का न्हाई?"

मला वाटलं, आता हद्द झाली. भर दुपारी एका जखमी माणसाला भर रस्त्यात मुंडण करायला लावायचं! भामा रडायला लागली. पण व्यंकटी तिच्याकडे बघून गुपचूप लिंबाखाली न्हाव्यापुढे बसला. केस खाली पडत गेले तसं केरबा वाकून वाकून बघू लागले. डोकं निघालं गुळगुळीत. एक ओरखडासुद्धा नाही. वण होते ते कानाच्या वरच्या टोकाखाली, तिथून पुढं खांद्यापर्यंत.

"टोप आणा," केरबा म्हणाले.

कार्यालयात एक जुना पोलादी टोप होता. कोंडाबाई त्यात शिक्के ठेवायची. मी तो रिकामा करून आणला. केरबांनी तो व्यंकटीच्या डोक्यावर ठेवला, आणि व्यंकटीच्या उजव्या हाताने न बघता हनुवटीखाली पट्टा ओढला, बकल लावलं, मान आखडून खांद्यात घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. टोपाची कड जिथं आली, त्याच्याखालीच पहिला वण होता.

केरबा पहिल्यांदा आमच्याशी सलग बोलले.

"आमाला एक कप्तान डॉक्टर शिकवायचा. म्हनायचा, पहिल्या महायुद्धात फौजा कापडी टोप्या घालूनच गेल्या. तोफेचा गोळा वर फुटायचा, तुकडे खाली पडायचे, कापडातनं सरळ डोक्यात. मंग फ्रान्सवाल्यांनी टोपीखाली लोखंडाची वाटी घातली, मंग पोलादी टोप आले. विंग्रजांचा तर परातीवानी चपटा, वरनं पडणारं झेलाया. बंदुकीची गोळी समोरनं आली तर तो न्हाई थांबवत, लोकास्नी उगं वाटतं. तुकड्यासाठी हाय तो. टोप आले आन् दवाखान्यात डोकं फुटलेले जास्तीच याया लागले. लोक म्हनले, टोपातच खोट हाय! खोट कसली? आधी ते दवाखान्यात येतच नव्हते. जाग्यावरच ऱ्हात व्हते."

"आणि खांदे?" मी विचारलं.

"खांद्याला काय व्हतं याच्या? दुसऱ्या महायुद्धात इमान उडवणाऱ्यांनी कापडात पोलादी पट्ट्या शिवून जाकिटं घातली. कोरियाच्या लढाईत नायलॉनचे थरावर थर. आता अमेरिकेत टोपबी धाग्याचा निघालाय म्हन्त्यात. याच्या अंगावर नुसता सदरा व्हता. म्हून खांदे फुटले."

"पण हवालदारसाहेब, विहिरीवर मुंडासं असेल की!" शंकेचा रोग मलाही लागला होता.

ते माझ्याकडे बघून हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. "मुंडाशातनं लोखंड जातंय, आत्ताच सांगितलं न्हवं? आत लोखंड हाय, आन् डोई कोरी हाय. दोन्ही एकदम खरं व्हायाला वर पोलादच पायजे. अहमदपुरात इहिरीवर पोलादी टोप घालून कोन गेलंय? कागद खोटं बोलंल, माणूस बोलंल. कोरी जागा कशी बोलंल? लिवा."

मी टंकयंत्रावर बसलो. अहवाल झाला, अधिकारी साहेबांची सही झाली. आठवड्यातले तीन दिवस अजून शिल्लक होते. भामाने दाखला दोन्ही हातांनी धरला, मग बापाजवळ जाऊन त्याच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नको," केरबा व्यंकटीला म्हणाले. आवाज खाली आला होता. "केस येत्याल परत."

व्यंकटी टोप काढून मांडीवर घेऊन बसला होता. "न्हाई साहेब, बरं झालं. माझ्या बाजूला माणिकप्पा व्हता, बिदरकडचा. खंदक खंदून घामाघूम झालता, म्हून त्यानं टोप काढून घाम पुसला. तेवढ्यात गोळा वर फुटला. त्यो दवाखान्यात आलाच न्हाई." त्याने डोक्यावरून तळवा फिरवला. "भावावानी व्हता. त्याच्या नावानं डोई करायची ऱ्हाऊन गेलती. आज झाली."

कोंडाबाईने चहा आणून पुढे ठेवला, आणि केरबांनी कपाचा वास न घेताच तो पिऊन टाकला.