वाकलेल्या डॉक्टरचे नऊ सेकंद

मंगळवार पेठेत सायकलच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना फोम लावलेली एक खोली, आत माइक, काचेबाहेर संगणक. वर्तमानपत्राची नोकरी सुटल्यावर मी तिथं डबिंगच्या संहिता लिहू लागलो. आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळे कानडी येत होतं. म्हणून एका दूध संघाच्या बारा फिल्मा माझ्याकडे आल्या. पहिलीचा विषय होता, धार काढण्यापूर्वी कास कशी स्वच्छ करावी. कानडी पशुवैद्य कॅमेऱ्याकडे पाहून सावकाश सांगत होता. तेच मराठीत त्याच्या ओठांवर बसवायचं होतं.

आवाज मुरगूडकडच्या एका कुस्ती निवेदकाचा. संघाच्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, पहिली फिल्म पसंत पडली तर उरलेल्या अकरा त्याच्याच आवाजात, नाहीतर काम पुण्याला. पावसाळ्यात कुस्तीची मैदानं बंद असतात, कमाई नसते. निवेदकाने बारा फिल्मांचं गावात आधीच सांगून टाकलं होतं.

पहिलं वाक्य ‘मोदलु’ने सुरू होत होतं, म्हणजे ‘आधी’. पण ‘म’ला ओठ मिटतात आणि ‘आधी’ला तोंड उघडं राहतं. चेहरा जवळून दिसत असला की हे लगेच कळतं. मी ‘पहिल्यांदा’ केलं. ‘प’ला ओठ मिटतात. डॉक्टर जिथं थांबतो तिथं संहितेत तिरकी रेघ मारली. रेघ आली की गप्प.

निवेदक रेघेवर गप्प बसेना. डॉक्टर ओठ मिटून कासेकडे बघतोय आणि आवाज येतोय, “व्वा! बघा मंडळी!”

ध्वनिमुद्रण करणारी मुलगी थांबवायची. “काका, डॉक्टरांचं तोंड बंद हाय.”

“व्हय, पण ताई, मैदानात मी गप बसलो की लोकं म्हणत्यात, माइक गेला.”

शेवटी तो प्रत्येक रेघेला स्वतःच्याच तोंडावर हात धरू लागला. दुपारपर्यंत फिल्म बसली. मग अधिकाऱ्याचा फोन आला.

“अध्यक्षांचा उल्लेख राहिलाय. ‘संघाचे कर्तव्यदक्ष अध्यक्ष यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली ही मोहीम राबवली जात आहे’, एवढं घाला. चार वाजता बघायला येतो.”

मी म्हटलं, चित्राची लांबी वाढवता येत नाही.

“लांबी कशाला वाढवताय? वाक्य घाला.”

बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसेल तिथं जादा शब्द खपतात. अशी जागा एकच होती. डॉक्टर म्हशीच्या पलीकडे वाकतो आणि नऊ सेकंद दिसत नाही. निवेदकाने वाक्य मैदानी आवाजात, एका दमात म्हटलं. आम्ही लावून पाहिलं.

डॉक्टर खाली वाकला. पडद्यावर उरलं म्हशीचं तोंड, थेट कॅमेऱ्याकडे, रवंथ करणारं. सकाळपासून मी फक्त डॉक्टरचे ओठ पाहत होतो. ‘कर्तव्यदक्ष’ला जबडा डावीकडे गेला, ‘कुशल’ला उजवीकडे. ‘राबवली जात आहे’ला तो थांबला आणि म्हशीने आमच्याकडे पाहिलं.

मुलीने टेबलावर डोकं टेकलं. निवेदक म्हणाला, “आईशप्पथ, म्हशीनं एक शब्द चुकवला न्हाय. मला रेघा पाळायला सकाळ गेली.”

वाक्य अर्धा सेकंद पुढे सरकवून पाहिलं. आता ‘अध्यक्ष’ म्हणताना तिची जीभ नाकपुडीत जात होती. परत मागे आणलं. पावणेचार झाले होते. निवेदकाचं हसणं थांबलं.

“सायेब, अकरा गेल्या की माझ्या हातनं. काढून टाकूया का वाक्य?”

“काढलं तर अधिकारी आधी तेच विचारतील.”

अधिकारी वेळेवर आला. हाताची घडी घालून पाहत राहिला. त्या नऊ सेकंदांत आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

“पुन्हा लावा,” तो म्हणाला.

पुन्हा लावलं. त्याने दार बंद आहे का ते पाहिलं.

“हे कोण बोलतंय?”

“निवेदक,” मी म्हटलं.

“ते कळलं हो. पडद्यावर कोण बोलतंय?”

निवेदकाला राहवलं नाही. “म्हस, सायेब. पण अध्यक्षांबद्दल चांगलंच बोलतीया.”

अधिकाऱ्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मग तो म्हणाला, “हे वाक्य सुरुवातीला लेखी दाखवा, संघाच्या चिन्हाखाली. म्हशीवर कुणी बोलायचं नाही.”

वाक्य काढून तिथं मूळचा गोठ्याचा आवाज ठेवला. निवेदक अजून उभाच होता.

“आणि आवाज, सायेब? पुढच्या फिल्मांचा?”

“आवाज हाच. म्हैस बोलतीय असं मला दोन्ही वेळा खरंच वाटलं. डॉक्टर तर माणूस आहे.”

निवेदकाने तिथंच गावाकडे फोन लावला.

जाताना अधिकाऱ्याने म्हशीची आवृत्ती पुसून टाकायला बजावलं. त्याआधी ती स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतली.