चहाच्या खोक्यावरचं नाव

सुंठवाल्यांचं खरं नाव बाजारात कोणी घेत नसे. पंचेचाळीस वर्षं सुंठ, मिरी, वेलची कुटून बोटांना असा वास लागला होता की बँकेतल्या बाई मान वर न करताच "या सुंठवाले" म्हणायच्या. माणूस कष्टाळू, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका जागी बसेल तर शपथ. जेवतानाही त्यांचा एक पाय दाराकडे असायचा आणि शेवटचा घास बहुधा चालतानाच तोंडात जायचा.

त्यांच्या दुकानात ज्या एका गोष्टीसाठी लोक लांबून येत तो चहाचा मसाला मात्र त्यांचा नव्हता. तो बायकोचा होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने तो जमवला. सुंठ जास्त, लवंग नावाला, दालचिनी जाड सालीची नव्हे, पातळ, आणि वेलची सालीसकट पण शेवटी, म्हणजे कुटताना तापून वास उडत नाही. हे सगळं सुंठवाल्यांनी ऐकलं, पाळलं आणि साध्या पाकिटात भरून विकलं. पाकिटावर 'चहा मसाला' एवढंच. तिचं नाव तर सोडाच, मसाल्यालाही नाव नव्हतं.

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सुंठवाल्यांना बाहेर बोलावून सांगितलं की औषधं चालू ठेवा, पण महिन्यांचाच हिशेब धरा. सुंठवाले तिथून सरळ दुकानात गेले. एरवी त्यांना सुचतं तेच सुचलं, काहीतरी करायचं. मुलगी वर्षभर मागे लागली होती की आपला मसाला चांगल्या चहाच्या पत्तीत मिसळून, दोन डबे एका कडक खोक्यात घालून भेटीसाठी विकू या. कंपन्या वर्षअखेरीला आपल्या माणसांना असली खोकी पाठवतात. सुंठवाले तिला उडवून लावायचे. त्या दिवशी म्हणाले, करू. तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत करू. त्यांना तिच्या हातात तिचा मसाला द्यायचा होता, झाकणावर देखणं नाव घातलेला. त्यापलीकडे त्यांना काही नको होतं.

अडलं ते नावाशीच. मुलीने आधी इंग्रजी नावांची यादी आणली. ती ऐकून वाटायचं की चहा विमानातून उतरलाय आणि त्याला इथलं पाणी सोसत नाहीये. मग सुंठवाल्यांनी उलटं टोक गाठलं. भारदस्त, जोडाक्षरांनी ठासलेली नावं काढली. डिझायनर बाई, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत बसणारी, केस पेन्सिलीने वर खोचणारी तरुण मुलगी, यादी वाचून हळूच म्हणाली की काका, ही नावं काढ्याच्या बाटलीवर शोभतील. नावाची नोंदणी करून देणाऱ्या वकिलाने आणखी पाचर मारली. 'शाही', 'उत्तम', 'सुवासिक' असले शब्द कोणीही आपल्या मालाची स्तुती करायला वापरणारच, ते एकट्याच्या नावावर नोंदवून मिळणं अवघड; आणि यादीतलं जे एक बरं होतं ते शोध घेतल्यावर चहातच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर निघालं.

सुंठवाल्यांची नाव पारखायची स्वतःची एक रीत होती. नवा मसाला जसा ते आधी बायकोला हुंगायला देत, तसंच प्रत्येक नाव पुडीच्या कागदाच्या कपट्यावर लिहून सकाळी तिच्या खाटेपाशी नेत. संध्याकाळी विचारत, सकाळचं नाव आठवतंय का? आठवलं तर नाव पुढे, नाहीतर टोपलीत. ती उशीला टेकून, श्वास सांभाळत निकाल द्यायची. जीभ मात्र थकली नव्हती. 'राजविलास' ऐकून म्हणाली, खाली गरम पाण्याची वेळ लिहा म्हणजे लॉज पुरं होईल. 'अमृतवल्ली'वर म्हणाली, दोन चमचे कोमट पाण्यातून, जेवणानंतर. इंग्रजी नावावर तिने डोळे बारीक केले आणि विचारलं, हा कोणाचा जावई?

सुंठवाले हसत, कपटा चुरगाळत आणि निघत. आणि रोज ते दारापर्यंत पोचले की ती म्हणायची, "घटकाभर बसा ना."

हे काही आजारपणात सुरू झालेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती. पहाटे गिरणीत जाताना, दुपारी जेवून उठताना, रात्री गोदामाची किल्ली शोधताना. घटकाभर बसा, चहा टाकते. सुंठवाले म्हणायचे "आलोच", आणि चपला घालायचे. त्यांना हे कधी लागलं नाही. दाराची कडी वाजावी तसा तो आवाज त्यांच्या कानाला सवयीचा होता.

तीन आठवडे गेले तरी नाव ठरेना. शेवटी डिझायनर मुलीने यादीच बाजूला सारली. तिचं म्हणणं असं की भेट देणाऱ्याला दारात उभं राहून ते नाव न लाजता घेता आलं पाहिजे. ते परकं नको आणि उगाच छाती फुगवलेलंही नको. घरातला शब्द हवा, पण नीट जपलेला. आणि तो चहाचं वर्णन करणारा नको. मग तिने विचारलं, "काका, घरी चहा देताना काकू काय म्हणतात?"

सुंठवाल्यांनी विचार न करता सांगून टाकलं. डिझायनर मुलगी लिहायची थांबली. तिने केसांतली पेन्सिल काढली आणि कोऱ्या खोक्याच्या झाकणावर मधोमध, बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला. घटकाभर. भोवती सगळी जागा मोकळी सोडली. शेजारी बसलेल्या सुंठवाल्यांच्या मुलीने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. वकिलाने शोध घेतला, चहात या नावाचं कोणीच नव्हतं. नोंदणीचा अर्ज गेला.

इथे सुंठवाल्यांनी एक चूक केली, आणि ती चूक त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. वीसेक नावं त्यांनी बायकोला विचारली होती. हे एकच विचारलं नाही. हे छापूनच दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. तिचाच शब्द, सोनेरी वर्खात, एकदम हातात. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा विचारा तरी. ते म्हणाले, तुला कळत नाही, तिचा चेहरा बघ कसा होतो ते.

मग बारा दिवस त्यांना खरंच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वर्खाचा ठसा आधी जाड आला, 'घ' आणि 'ध' यांतला फरक दिसेना झाला. 'घटका'चा 'ट' भरून गेला. कागद बदलला. आतली खाच डब्याला सैल झाली, ती पुन्हा कापली. पाचशे झाकणं छापायला गेली. सकाळी ती विचारायची, आज कपटा नाही? ते म्हणायचे, नाव जमलंय, पण सांगणार नाही. ती हसायची. घटकाभर बसा ना, म्हणायची. शब्द कानावर आला की सुंठवाल्यांना आता गुदगुल्या व्हायच्या. गुपित फुटेल या भीतीने ते आणखीच लगबगीने बाहेर पडायचे. हे आठवलं की सांगणाऱ्यालाही त्यांचा राग येतो. पण राग तरी कुणाकुणावर काढायचा?

तेराव्या दिवशी दुपारी पहिलं खोकं तयार झालं. सुंठवाले ते रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. मुलगी मागोमाग आली. त्यांनी बायकोला उशीला नीट टेकवलं, चष्मा दिला आणि खोकं तिच्या हातात ठेवलं.

तिने आधी झाकणावरून बोट फिरवलं. मग वाचलं. मग झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली, म्हणजे मसाला बरोबर होता. झाकण परत लावलं. सुंठवाले तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आनंदाचं आहे असं ते पुरतं धरून चालले होते.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणीही घेईल." मग अजिबात न रागावता म्हणाली, "पण हे मी तुम्हाला म्हणत होते हो. सगळ्यांना नव्हते म्हणत."

सुंठवाल्यांनी खिशातून फोन काढला. म्हणाले, बदलतो. आत्ता फोन करतो, छपाई थांबवतो.

"नका," ती म्हणाली. "नाव चांगलंय. आता मी दुसरं काहीतरी म्हणेन."

तिने खोकं बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि डोळे मिटले. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. सुंठवाल्यांनी खुर्चीवरचं खोकं उचलून जमिनीवर ठेवलं आणि ते त्या खुर्चीत बसले.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. दुकानाची किल्ली त्यांनी मुलीकडे दिली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सुंठवाले दिवसच्या दिवस एका जागी बसून राहिले. तिला औषध दिलं, केस विंचरून दिले, दोनदा चहाही करून दिला, त्यात आलं जास्त झालं तर ती हसली. तिने सगळं बोलून घेतलं. मुलीला लवंग वाढवू देऊ नका. गिरणीचं पातं बदला. थंडीत तुमचे गुडघे शेका. पण ते शब्द तिने पुन्हा उच्चारले नाहीत. सुंठवाले कान लावून बसायचे. कधी मुद्दाम उठून दारापर्यंत जायचे, चपलेत पाय घालायचे आणि पाठमोरे उभे राहायचे. मागून आवाज यायचा नाही. ती भिंतीकडे बघत असायची, किंवा म्हणायची, जायचं असेल तर जाऊन या, मी आहे.

ते कुठेच जायचे नाहीत. चपला काढून परत येऊन बसायचे. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, तू दुसरं काय म्हणणार होतीस? तिने खूप वेळ विचार केला. म्हणाली, नाही सुचत हो. आणि त्यांचा हात थोपटला, जणू चूक तिचीच होती.

विसाव्या सकाळी ती उठलीच नाही. ते शेजारीच होते.

खोकी खपली. पाचशे गेली, मग आणखी हजार. डिझायनर मुलीचं नाव झालं, सुंठवाल्यांच्या लेकीने दुकानात दोन बायका कामाला घेतल्या. सुंठवाले आता गल्ल्यामागच्या स्टुलावर बसतात. कुठे जात नाहीत. दिवसभर कोणी ना कोणी येतं, काचेवर बोट ठेवतं आणि ते नाव घेतं. पहिल्या महिन्यात ते प्रत्येक वेळी मान वर करायचे. आता न बघताच कपाटातून खोकं काढतात, पुसतात आणि पुढे करतात.