दोनशे पाच, ओके

ज्योतीराम लोमटे हातात येईल ती वस्तू आधी मापून घेणारा माणूस. चाकणच्या ज्या कंपनीत तो क्वालिटीला होता, तिथं ब्रेकचे भाग बनत, आणि प्रत्येक भाग त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय पेटीत बसत नसे. ड्रॉइंगवर दोन आकडे छापलेले असत, एक खालचा, एक वरचा. माप त्या दोघांच्या मधे पडलं की हिरवं लेबल. बाहेर गेलं, अगदी केसाइतकं का होईना, की लाल पेटी. सुपरवायझर विनवण्या करो, प्रॉडक्शनवाले बोटं मोडोत, ज्योतीरामचं लेबल बदलत नसे. अंबाजोगाईहून आलेला, आयटीआय झालेला हा गडी वीस वर्षं त्या एका नियमावर मानानं जगला होता.

हा नियम त्यानं थेरगावच्या दोन खोल्यांत आणला नसता तरच नवल. बायकोनं पोळी वाढली की "ओके". सिलेंडर हलवून बघितला, "ओके". मुलगी तनुजा नाशिकला दिली तेव्हा जावयाकडच्या माणसांशी दोन तास बोलून आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "ओके हाय." पोरीचं बरं चाललंय, त्यामुळे त्या ओकेचा भाव घरात आणखीच वधारला. कस्तुरा, त्याची बायको, कधीमधी त्याची नक्कल करून हसायची. पण विश्वास मात्र पुरता. त्यानं पास केलेल्या गोष्टीवर ती दुसऱ्यांदा विचार करत नसे.

कस्तुरा जवळच्या एका मेसला पोळ्या करून द्यायची. सकाळी चार तास, संध्याकाळी तीन, ओट्यापुढं उभी. साखरेचा त्रास तिला दहा वर्षांपासून, पण गोळी न चुकता घेणारी, त्यामुळे साखर आटोक्यात. घरात मांस-मासे कधी शिजले नाहीत. दुधाचा वास तिला सोसत नाही, चहासुद्धा कोराच. अशी ही धट्टीकट्टी बाई एके दिवशी पाय चोळत म्हणाली, "अहो, तळपायाला लई मुंग्या यायल्यात. दोन्ही पायांना."

डांगे चौकातल्या डॉक्टर मिनल यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट ज्योतीरामच्या फोनवर आला तेव्हा तो कॅन्टीनमध्ये जेवत होता. वाटी बाजूला सारून त्यानं तो वाचला, आणि वाचला म्हणजे काय, तर टेबलावर आलेला माल तपासावा तसा तपासला. रिपोर्टची रचना त्याच्या ओळखीचीच निघाली. आकडा, आणि पुढं खालची-वरची मर्यादा. मर्यादेबाहेरचे आकडे ठळक अक्षरांत. ठळक फक्त एकच होता. व्हिटॅमिन डी बावीस, हवं तीसच्या पुढं. त्याच्या खाली बी-ट्वेल्व्ह दोनशे पाच, मर्यादा एकशे सत्त्याऐंशी ते आठशे त्र्याऐंशी, साध्या अक्षरांत. त्यानं तिथूनच घरी फोन लावला आणि सांगितलं, डी कमी हाय, बाकी ओके.

डॉक्टरांनी मात्र उलटंच सांगितलं. डी बावीस आहे त्याची मला फार काळजी नाही, त्या म्हणाल्या, लॅब तीसवर रेघ मारते, पण विसाच्या वर असेल तर हाडांचं बहुतेकदा भागतं. थोडं उन्हात बसा, लहानसा कोर्स पुरे. पण हा दोनशे पाच मला चालणार नाही. पायाला मुंग्या आहेत, खाण्यात दूधसुद्धा नाही, आणि साखरेची ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह अंगात कमी मुरतं. शंका असेल तर अजून एक तपासणी करता येईल, पण इंजेक्शनं सुरू करू.

ज्योतीरामनं फोन पुढं केला आणि एकशे सत्त्याऐंशीवर बोट ठेवलं. डॉक्टर समजावून सांगू लागल्या, तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी लेकरू उलट्या करायला लागलं, त्या उठून गेल्या. चिठ्ठी हातात होती. ज्योतीराम "बघतो" म्हणाला आणि निघाला.

आता इथं त्याला कंजूष म्हणावं तर तो नव्हता, आणि बायकोची पर्वा नसलेला तर मुळीच नव्हता. पण मर्यादेतला माल कुणी लाल पेटीत टाकायला लागलं की त्याच्या मनात एकच विचार यायचा, ह्याचा काहीतरी डाव आहे. आजकाल डॉक्टर लोक सुया टोचायला टपलेलेच असतात, असं कंपनीच्या बसमध्ये रोज कुणीतरी म्हणतच असतं. औषधाच्या दुकानात त्यानं डीची पाकिटं घेतली आणि इंजेक्शनची ओळ सोडून दिली.

"मग त्या बाई काय म्हनायल्या व्हत्या?" कस्तुरानं विचारलं.

"रेंजमधी हाय की. ओके हाय."

दर रविवारी तो स्वतः पाकीट फोडून, पावडर पाण्यात ढवळून तिला द्यायचा. कधी चुकला नाही. ठळक अक्षरांतला दोष त्यानं निगुतीनं दुरुस्त केला, आणि ज्या आकड्यात खरं दुखणं होतं तो आकडा त्या वर्षात त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला.

मुंग्यांचं ती पुढं बोलेनाशी झाली. ज्योतीरामला वाटलं, थांबल्या. खरं तर थांबलं होतं ते बोलणं. पास झालेल्या मालाची तक्रार कशी करायची, हे तिला कळत नव्हतं. एकदा भाजी आणायला गेली आणि एका पायातली चप्पल वाटेत कुठं निसटली ते तिला घरी आल्यावर समजलं. तो पोट धरून हसला, शेजारच्या गोजाबाईंनाही सांगून आला. तीही हसली. त्या हसण्याची आठवण आता त्याला नकोशी होते.

मग एका सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून, डोळे मिटून उभी असताना ती सरळ बाजूला कोसळली. पाय घसरला नव्हता, फरशी कोरडी होती. कपाळाला खोक पडली. तिचं म्हणणं एवढंच होतं, डोळे मिटले की पाय कुठं हायत ते कळतच न्हाई.

ह्या वेळी रक्त चिंचवडच्या दुसऱ्या एका लॅबमध्ये दिलं, कारण ती वाटेवर होती. बी-ट्वेल्व्ह एकशे अठ्ठ्याण्णव, मर्यादा दोनशे अकरा ते नऊशे अकरा, आणि अक्षरं ठळक. ज्योतीराम डॉक्टर मिनल यांच्यासमोर तो कागद घेऊन बसला, आणि त्याच्या बोलण्यात थोडा सुटकेचा सूरही होता. मागच्या वर्षी ओके होतं, तो म्हणाला, औंदा घसरलं.

डॉक्टरांनी कस्तुराला डोळे मिटायला लावलं आणि कंप पावणारा लोखंडी काटा तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. काटा घुमत होता, ज्योतीरामला खुर्चीवरून तो थरथरताना दिसत होता. कस्तुरा वाट बघत बसली होती, कधी टेकवतात म्हणून. मग डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं एकेक बोट शिवून पाहिलं.

"घसरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोनशे पाच आणि एकशे अठ्ठ्याण्णव म्हणजे एकच. एवढा फरक मशीन-मशीनचा असतो. मागच्या वर्षी ह्या लॅबमध्ये आला असतात तर तेव्हाच ठळक छापून आलं असतं."

ज्योतीरामनं फोनवरचा जुना रिपोर्ट काढून कागदाशेजारी ठेवला. मग त्यानं विचारलं, दोन लॅबांची दोन मापं, मग ड्रॉइंग कुणाचं खरं?

डॉक्टरांचे वडील पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर होते, त्यामुळे त्याचा प्रश्न त्यांना नीट कळला. "ही रेंज ड्रॉइंगवरून काढलेली नसते, भाऊ. आलेल्या मालावरून काढलेली असते. वरवर धडधाकट दिसणाऱ्या पुष्कळ माणसांचं रक्त घेतात, दोन टोकांचे थोडे आकडे काढून टाकतात, मधले छापतात. ज्याची माणसं वेगळी, मशीन वेगळं, त्याची रेंज वेगळी. त्यांच्यातच बी-ट्वेल्व्ह कमी असलेले पुष्कळ असतील, तर खालची रेघही खालीच येते. लोक साधारण कुठं असतात, एवढंच ती सांगते. नस कुठल्या आकड्याला सुकायला लागते ते ती सांगत नाही. आम्ही बघतो ते नेमकं तेच. दोनशे ते तीनशेच्या आसपास असेल आणि पायाला मुंग्या असतील, तर आम्ही थांबत नाही."

हे त्याला शब्दन् शब्द समजलं. न समजतं तर बरं झालं असतं. मशीनमधून जे पडतंय त्याचीच सरासरी काढून त्यालाच चांगला माल म्हणायचं, ह्या चुकीसाठी त्यानं नव्या पोरांना कितीदा झापलं होतं. रिपोर्टवर मात्र दोन आकडे दिसले आणि त्यानं हिरवं लेबल लावलं. आपल्याच बायकोला लावलं.

पाय परत येतील का, त्यानं विचारलं. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. त्यानं रक्तातला आकडा तर भराभर वर जाईल. नसांचं तसं नसतं. काही महिन्यांत जेवढं परत यायचं तेवढं येईल, वर्षभर उपचाराविना राहिलेलं सगळं येतंच असं नाही. थोडा वाटा साखरेचाही असेल, तो वेगळा काढून दाखवता येत नाही. मागच्या वर्षी सुरू केलं असतं तर, असं त्यानं विचारलं नाही.

महिना-दीड महिन्यानं पुन्हा रक्त दिलं. आकडा हजाराच्या वर. ह्या खेपेला मर्यादा वरून ओलांडली म्हणून ठळक. डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शनं चालू असताना ह्या आकड्याला काही अर्थ नाही, पाय काय म्हणतात ते बघा. पाय काहीच म्हणत नव्हते. मेसच्या पोळ्या सुटल्या. कस्तुरा भिंतीला हात लावून चालते, अंधारात उठायचं तर आधी त्याला हाक मारते. त्याला एका शब्दानं तिनं कधी दोष दिला नाही. दिला असता तर त्याला निदान मान खाली घालून ऐकता आलं असतं.

कंपनीत तो अजून त्याच टेबलावर आहे. हात चालतात, पण प्रत्येक भाग दोनदा मापतो, लेबल लावून पुन्हा काढतो. माल तुंबतो म्हणून सुपरवायझर कावतो.

रोज ड्यूटीवरून आला की हातपाय धुऊन तो कापसाचा बोळा घेऊन तिच्या पायाशी बसतो. कस्तुरा डोळे मिटते. डॉक्टर करायच्या तसं तो अंगठ्यापासून सुरुवात करतो आणि विचारतो, "लागतंय का?" ती बराच वेळ थांबते, मग नाही म्हणून मान हलवते. पुढचं बोट. मान हलते. घोट्याच्या वर गेलं की "हां" म्हणते, आणि ती जागा वर-खाली झाली का हे तो डोळ्यांनी मापून ठेवतो. झालेली नसते.

परवाच्या संध्याकाळी तो असाच बसला होता. शिफ्ट जड गेली होती, चेहरा उतरलेला. तिनं तो एकदा पाहिला आणि डोळे मिटून घेतले. त्यानं बोळा उचलला, अंगठ्याकडं नेला, आणि मधेच त्याचा हात थांबला. आज नकोच बघायला, असं त्याला वाटलं. कापूस अजून बोटाच्या वीतभर वर होता.

"लागलं," कस्तुरा म्हणाली. "आज लागलं बघा."

तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ती हसत होती. त्यानं बोळ्याचा हात तसाच अधांतरी धरून ठेवला.

"ओके," ज्योतीराम म्हणाला.