साडेपाच तासांची बेरीज

पंच्याण्णव साली मी धुळ्यात एका प्रशिक्षण संस्थेच्या ऑफिसात कामाला होते. माहेर जळगावचं. तिथेच कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केलेला, आणि तेवढ्या शिदोरीवर त्या ऑफिसात मला ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणत. काचेच्या खोलीत एक युनिक्स मशीन होतं, बाहेर काउंटरवर त्याची दोन टर्मिनल्स. खोलीत एसी होता म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. साहेबसुद्धा काढत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

काउंटरवर नाना बसत. शिंदखेड्याजवळच्या गावचे, निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलेलं. परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज घ्यायचे आणि तिथल्या तिथे मशीनमध्ये भरायचे, हे त्यांचं काम. दोन बोटांनी टाइप करत, पण चूक होत नसे. प्रत्येक अर्ज कधी भरला त्याची नोंद मशीन आपोआप ठेवायचं. ती नोंद तारखेसारखी नव्हती, नुसता नऊ आकडी अंक असायचा. एप्रिलमध्ये एकदा नानांनी तो स्क्रीनवर पाहिला आणि मला हाक मारली.

“ताई, हा काय फोन नंबर आहे का?”

मी सांगितलं, हे सेकंद आहेत. एकोणीसशे सत्तर सालच्या एक जानेवारीच्या पहिल्या क्षणापासून आतापर्यंत किती सेकंद झाले, ते.

“सत्तरच का? त्या दिवशी काय घडलं होतं?”

“काहीच नाही. ज्यांनी हे बनवलं ते त्याच सुमाराला बनवत होते, म्हणून जवळची सोयीची सुरुवात धरली. कुठलीही चालली असती. फक्त एकदा धरली की सगळ्यांनी तीच धरायची.”

“पण सरळ तारीखच का नाही लिहीत?”

“तारखेत फार भानगडी, नाना. महिना कधी तीसचा, कधी एकतीसचा, फेब्रुवारीचं वेगळंच. दोन अर्जांत किती वेळ गेला हे मशीनला काढायचं असेल, तर अंकातून अंक वजा केला की झालं. माणसाला दाखवायची वेळ आली की त्याची तारीख करायची.”

नानांना ते पटलं. त्यांनी मला तारीख कशी करायची ते विचारलं, मी सांगितलं. एका दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. अंकाला त्याने भागायचं. भागाकार म्हणजे दिवस, बाकी म्हणजे त्या दिवशीची वेळ. पुढे आठवडाभर नाना दुपारच्या डब्यानंतर पाठकोऱ्या कागदावर लांबलचक भागाकार करत आणि घड्याळाशी ताडून पाहत. प्रत्येक वेळी बरोबर यायचं. “जमतं बरं का ताई,” म्हणत.

अर्जाची शेवटची तारीख एकतीस मे होती. त्या दिवशी साक्री, शिंदखेडा, शिरपूर सगळीकडून मुली आल्या होत्या. रांग फाटकाबाहेर गेलेली. साडेपाचला ऑफिस सुटायचं, पण नानांनी रांगेतल्या प्रत्येकीला चिठ्ठी दिली आणि फाटक लावून घेतलं. आत आहे तिचा अर्ज आज घेणार, असं सांगून टाकलं. मी सहाला निघाले, तेव्हा ते टाइप करत होते. सातच्या सुमाराला त्यांनी शेवटचा अर्ज भरला, सव्वासातला कुलूप लागलं आणि किल्ल्यांच्या वहीत तशी सही झाली. हे मला नंतर कळलं.

जूनमध्ये काम थोडं कमी झाल्यावर मी मशीनचं जाडजूड मॅन्युअल वाचायला घेतलं. त्यात मला एक गोष्ट सापडली, जी कोर्समध्ये कोणी नीट सांगितली नव्हती. सत्तर सालचा तो पहिला क्षण आपल्या मध्यरात्रीचा नाही, ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा आहे. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मशीन जगात कुठेही असो, मोजणी त्याच एका क्षणापासून, म्हणून अंक सगळीकडे सारखा. स्थानिक वेळ हवी तर मशीनला तसं सांगून ठेवायचं, मग ते दाखवताना साडेपाच तास मिळवून दाखवतं.

आमच्या मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरने मनगटावरचं घड्याळ पाहून ती वेळ सरळ ग्रीनिचची म्हणून भरली होती. मी भारताची वेळ लावली. लगेच मशीन साडेपाच तास पुढचं दाखवू लागलं, म्हणून घड्याळ तेवढंच मागे घेतलं. आता सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. मी साहेबांना सांगितलं, साहेब “छान” म्हणाले. त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की जुन्या नोंदींचं काय, हा प्रश्न मनाला शिवलाही नाही.

ऑगस्टमध्ये तक्रार आली. कुणा एकाच्या मुलीचा अर्ज एक जूनला आला म्हणून परत केला होता. त्याचं म्हणणं, तुम्ही मुदतीनंतर इतरांचे अर्ज घेतलेत. साहेबांनी मला तारखेप्रमाणे यादी काढायला सांगितली. मी काढली. अकरा अर्जांपुढे एक जून छापून आलं.

नानांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. चौकशीला बाहेरून आलेले एक अधिकारी होते. मी यादी घेऊन उभी.

“हे अकरा अर्ज मी एकतीस तारखेलाच भरलेत,” नाना म्हणाले. “उजेड होता बाहेर.”

“मॅडम, वेळ सांगता येईल का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी आत जाऊन फक्त त्या अकरांची वेळ छापून आणली. बारा वाजून तीन मिनिटं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक, बारा वीस, शेवटची बारा अठ्ठावीस. मध्यरात्रीनंतरच्या.

“मध्यरात्री ऑफिस उघडून मुलींचे अर्ज भरत होतात?” अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

नानांनी किल्ल्यांच्या वहीचं नाव काढलं. वही तर हाताने लिहितात, असं उत्तर मिळालं. मग नाना माझ्याकडे वळले. “ताई, अंक द्या मला. नुसता अंक.”

मी आत जाऊन बारा वीसच्या अर्जाचा अंक पाहून आले आणि सांगितला, ८०१९४६२२७. त्यांनी साहेबांच्याच टेबलावर कागद ओढला आणि भागायला घेतलं. कुणी थांबवलं नाही. भागाकार आला ९२८१, बाकी ६७८२७. पंचवीस वर्षांचे दिवस आणि सहा लीप वर्षांचे सहा, म्हणजे ९१३१ गेले. उरले दीडशे. जानेवारी ते एप्रिल एकशे वीस, मग मेचे तीस पूर्ण, चालू दिवस एकतीस मे. बाकीचे तास केले. संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं, सत्तावीस सेकंद.

“हे बघा साहेब. सहा पन्नास.” त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा मोकळा झाला होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद तपासला. गणित अचूक होतं. आणि मी म्हणाले, “नाना, यात साडेपाच तास मिळवायचे राहिले. ही ग्रीनिचची वेळ आहे.”

“पण तुम्हीच शिकवलं होतं. तेव्हा साडेपाच तास नव्हते. आणि घड्याळाशी जुळायचं की.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. “आता मशीन बरोबर केलंय. मशीन खोटं नाही बोलत.”

घड्याळाशी जुळायचं, हे त्यांचं शब्दशः वाक्य होतं. ते ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. परक्या माणसापुढे आपलं ज्ञान दिसतंय, एवढंच मला दिसत होतं. नानांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली.

अकरा अर्ज रद्द झाले. नानांना मेमो मिळाला आणि काउंटरवरून काढून त्यांना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. जाता-येता मी दिसले की मान हलवत, पण ‘ताई’ म्हणून हाक मारणं बंद झालं.

पुढच्या एप्रिलमध्ये काउंटरवर किती माणसं लागतील याचा अंदाज घ्यायला मी आदल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी वेळेसकट छापल्या. रुंद कागदावरून बोट फिरवताना थांबले. कुठल्याही दिवशी पहिला अर्ज दुपारी चारच्या आधी नव्हता. आणि रोज संध्याकाळी साडेसहा ते सात एकही नोंद नव्हती. आमचं ऑफिस साडेदहाला उघडायचं. एक ते दीड डब्याची सुट्टी.

मी पेन्सिलने त्या वेळांतून साडेपाच तास वजा करून पाहिले. इंजिनिअरने आमची वेळ ग्रीनिचची म्हणून भरली, तेव्हापासून मशीन सत्तर सालच्या त्या खऱ्या क्षणापासून मोजतच नव्हतं. ते धुळ्याच्या मध्यरात्रीपासून मोजत होतं. मी घड्याळ सुधारलं ते पुढच्या नोंदींसाठी. मागचे अंक जसेच्या तसे राहिले, आणि त्यांत मी साडेपाच तास उगाच मिळवले. साडेसहानंतरचा प्रत्येक अर्ज मीच दुसऱ्या दिवसात ढकलला होता. ऑगस्टमध्ये अकरांऐवजी त्या दिवसाची पूर्ण यादी छापली असती, तरी तिथेच दिसलं असतं.

मी साहेबांना सगळं दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते म्हणाले, “परीक्षा होऊन गेली, बॅच निम्मं वर्ष शिकली. फाइल बंद आहे, मॅडम.” मी लेखी दिलं. तीनदा दिलं. शेवटी मेमो मागे घेतल्याचं पत्र निघालं आणि अकरा जणींना नव्या परीक्षेला बसायची परवानगी. तोवर नाना निवृत्त होऊन गावी गेले होते.

मी एसटीने त्यांच्या गावी गेले. ते ओट्यावर तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत बसले होते. पत्र वाचून त्यांनी बायकोकडे दिलं. मी ग्रीनिचचं सांगू लागले, ते मध्येच म्हणाले, “म्हणजे माझा भागाकार बरोबर होता.”

“हो. तुमचंच बरोबर होतं, नाना. मी चुकले.”

“त्या दिवशी ते म्हणायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग घरच्या बोलीत विचारलं, “आनि पोरी? बठ्ठ्या उन्यात का?”

मी म्हणाले, सगळ्या अजून आल्या नाहीत, पत्रं जायची आहेत.

पत्रं गेली. चौघी परीक्षेला बसल्या, त्यांतल्या दोघी पुढे नर्स झाल्या. दोघींचं वय मर्यादेच्या पुढे गेलं होतं, तसं त्यांनी कळवलं. चार जणींकडून उत्तर नाही. एकीचं पत्र तशा नावाचं इथे कोणी राहत नाही असा शेरा मारून परत आलं. ती शिरपूरकडची होती. तिचा अर्ज बारा वीसचा, म्हणजे सहा पन्नासचा. तिचं अक्षर फार सुंदर होतं.