वीस रुपयांचं घर

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझी शेअरची छोटी कचेरी आहे. चार स्क्रीन, सहा खुर्च्या आणि भाव पडला की बोंब मारणारी आठ-दहा माणसं. त्यांत आवाज न करणारा एकच गडी होता. सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी हयातभर पॅटर्न केले होते, म्हणजे वाळूत ठसा उठवायला लागतो तो लाकडी नमुना. त्या ठशात मग लोखंड ओततात. निवृत्त झाल्यावर ते रोज साडेतीनला बाजार बंद झाला की जिना चढायचे, एकाच शेअरचा दिवसातला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा भाव विचारायचे आणि आलेखाची वही उघडायचे.

वहीतलं एक घर म्हणजे वीस रुपये. भाव वीसनं वर चढला की वरच्या घरात फुली. चढ सुरू असेतोवर फुल्या एकाच उभ्या रांगेत, एकीवर एक. वरच्या फुलीपासून तीन घरं, म्हणजे साठ रुपये भाव खाली आला, तरच शेजारी शून्यासारख्या गोळ्यांची नवी रांग, वरून खाली. त्याच्या आत भावानं कितीही नाचावं, वहीत काही नाही. त्यामुळं बऱ्याच वेळा मामा वही उघडायचे, बघायचे आणि मिटायचे.

"आज काय न्हाय."

"मामा, काय न्हाय हे लिहायला एवढा जिना चढता व्हय?" मी चिडवायचो. "आणि तारीख कुठाय ह्यात?"

"तारखेनं भाव चालतोय व्हय रं भाच्या? हलला तर लिवायचं. न्हाय हलला, तर दिवस गेला एवढंच." महिना बदलला की तेवढा त्या महिन्यातल्या पहिल्या फुलीच्या जागी महिन्याचा आकडा टाकायचे. बाकी त्या वहीत काळ नावाची चीजच नव्हती.

मामांचं सगळं गणित एका घरावर होतं. सातशेच्या घरात फुली पडली की सगळे शेअर विकायचे आणि शिरोलीत स्वतःचा गाळा घ्यायचा. लाकूड कापायची जुनी बँडसॉसुद्धा बघून ठेवली होती. "जल्मभर दुसऱ्याच्या पत्र्याखाली रंधा मारला," म्हणायचे, "आता दारावर माझी पाटी."

एकदा मी विचारलं, वीसच का, पाच का नाही? त्यांनी पिशवीतून एक पोलादी पट्टी काढली आणि माझ्या टेबलावरच्या पट्टीशेजारी ठेवली. त्यांच्या पट्टीवरचा फूट माझ्या फुटापेक्षा किंचित लांब होता. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. बिडाची पट्टी वेगळी, स्टीलची वेगळी.

"धातू बघून पट्टी आदी ठरवायची. निम्म्या कामात बदलली की समदं भंगारात. ह्यो शेअर रोज दहा-बारा रुपयं उगंच खालवर करतोय. घर त्येच्यापेक्षा मोठं पायजे. आन् लई मोठं घेतलं, तर भावाचा मोड दिसंपतूर निम्मा नफा गेल्याला."

मला हसू आलं. माझ्याकडं रेंको नावाचा आलेख होता की! स्क्रीनवर आपोआप विटा चढतात. वेळेला तिथंही किंमत नाही. बंद भाव ठरलेल्या रकमेनं सरकला की पुढची वीट, वर हिरवी, खाली लाल. रंग पालटायला मात्र भाव शेवटच्या विटेच्या डोक्यापासून दोन विटा खाली यावा लागतो. विटेचा आकार माऊसच्या एका टिचकीनं बदलता येतो. तेव्हा मला हाच त्याचा मोठेपणा वाटायचा. काय अक्कल होती माझी!

मामांच्या नादानं तोच शेअर मीही घेतला होता. पाचशेचाळीसच्या घरात फुली पडली आणि त्यानंतर आठवडाभर भाव घसरला. पाचशेखाली आला त्या दिवशी माझी तंतरली आणि मी सगळे विकून मोकळा झालो. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भाव चारशे ब्याण्णवला बंद झाला. दिवसभरात चारशे शहाऐंशीपर्यंत जाऊन आला होता.

मामा आले, वही उघडली, मिटली. "आज काय न्हाय. चारशेऐंशी लागलं तर गोळं घालायचं."

माझ्या अंगाची आग झाली. मी घाबरून विकलं आणि हा म्हातारा म्हणतो काही झालंच नाही! म्हटलं, "मामा, बसा. तुम्हाला खरं काय ते दाखवतो."

मी तीस रुपयांची वीट लावली. लाल एकही नाही. ती मी त्यांना नीट दिसायच्या आत बदलली. वीस केली, एक लाल. दहा केली, तीन. मग पाच केली आणि स्क्रीनवर आठ लाल विटा जिन्यासारख्या खाली उतरल्या. "हे बघा. तुमचं घर मोठं हाय म्हणून तुम्हाला दिसंना झालंय."

मामांनी विटा बोटानं मोजल्या. "पट्टी बदलाय लागलाय तू," एवढंच म्हणाले.

"मशीन खोटं बोलतंय व्हय?"

मशीन खोटं बोलत नव्हतं. मीच खोटं बोलत होतो. मला हवं ते दिसेपर्यंत मी विटा बारीक केल्या. माझ्या भित्रेपणाला सोबती पाहिजे होता, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सगळे शेअर माझ्याच हातून विकले.

चारशेऐंशी कधी आलंच नाही. त्या आठवड्यापासून भाव वळला तो वळलाच. मामा जिना चढायचे बंद झाले. मी फोन करीन करीन म्हणत राहिलो आणि लाजेनं केला नाही. सात महिन्यांनी शेअर सातशेला लागला, त्या दिवशी मात्र मला कचेरीत बसवेना. गाडी काढली आणि शिरोलीला गेलो.

मामा कुणाच्या तरी शेडमध्ये रोजंदारीवर पंपाच्या पॅटर्नला पॉलिश पेपर मारत होते. अंगभर भुसा. मला बघून हात थांबला.

"या साहेब."

मला साहेब म्हणाले. भाच्या म्हणाले नाहीत. त्यापरीस शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी सगळं सांगून टाकलं. माझं आधी विकणं, ती तीसची वीट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "मला कळलं हुतं," म्हणाले. "पट्टी तू बदललीस, पर ती बदलू दिली मीच की. चाळीस वर्सं पॅटर्न केलेला माणूस मी."

बाकावर ती वही होती. मी दचकलो. "अजून लिहिता?"

"भाव थांबलाय व्हय? मोबाइलवर बगतो पोराच्या."

मी वही उघडली. फुल्यांची ती एकच रांग सरळ वर गेली होती, मधे एकही गोळा नाही. पान संपलं तिथं त्यांनी वर दुसरा कागद चिकटवला होता. सर्वांत वर सातशेच्या घरात, पेन्सिल दाबून काढलेली आजची फुली.

मी खाली त्या आठ लाल विटांचा दिवस शोधू लागलो. एखादी खूण, एखादा डाग तरी असेल. पाचशेचाळीसची फुली होती. तिच्या डोक्यावर लगेच पाचशेसाठची होती. मधे काहीच नव्हतं. मी त्यांचा गाळा घालवला, त्या दिवसाला त्यांच्या वहीत जागाच नव्हती.